तीन भाकरी एकदम

माय-बाबांच्या भांडणाचा आवाज मी उभ्या आयुष्यात दोनदाच ऐकला असेल. भांडणं मात्र मोजता येणार नाहीत इतकी झाली. आमच्या घरात भांडण पेटायचं, चार वाक्यांत संपायचं आणि मग आठ-आठ दिवस अबोला चालायचा. शेजारच्या घरात एकमेकांची सात पिढ्यांची उजळणी व्हायची, भांडी अंगणात यायची, आणि दिवेलागणीला नवरा-बायको ओट्यावर बसून शेंगा खाताना दिसायची. मला त्यांचा हेवा वाटे. आमच्या घरातली भांडी जागच्या जागी, आणि माणसं एकमेकांना वळसा घालून चाललेली.

ज्या भांडणाबद्दल मी लिहिते आहे ते माझ्यावरून झालं. मी मॅट्रिक पास झाले होते. आमच्या बीबी गावात तेव्हा मॅट्रिक पास झालेल्या मुली एका हाताच्या बोटांवर मोजता येत, आणि त्यातल्या माझ्याखेरीज बाकीच्यांची लग्नं ठरलेली. खामगावला माझी मावशी राहायची. तिच्या यजमानांनी कॉलेजचा प्रवेश-अर्ज टपालानं पाठवून दिला. आम्ही त्याला फारम म्हणायचो. फारम भरून झाला होता, फक्त पालकाच्या सहीची ओळ कोरी होती. माय म्हणाली, "करून टाका सही. मावशीपाशी राहीन पोरगी, शिकीन." बाबा बैलाच्या गळ्यातला दोर वळत बसले होते. ते म्हणाले, "खामगावले पाठवून काय करतं? घरातली पोरगी परगावी ठेवायची?" माय म्हणाली, "काऊन? मावशीचं घर परकं हाये का?" आणि मग बाबा बोलून गेले, "तू कधी शाळेची पायरी चढली का? तुले काय समजते त्यातलं."

बस. माय उठली, चुलीपाशी गेली, फुंकणी उचलली आणि फुंकायला लागली. चुलीत विस्तव नव्हताच. बाबांनी दोर वळता वळता एकदा तिकडे पाहिलं. आपण काय बोललो हे त्यांना त्याच क्षणी कळलं असणार, कारण दोराचा पीळ उलटा पडला आणि तो त्यांनी पुन्हा उलगडला. पण बोललेलं परत घ्यायची पद्धत आमच्या घराण्यात कुणाला माहीत नव्हती. अर्ज पुढच्या शनिवारपर्यंत टपालात पडायला हवा होता. माय मागणार नाही आणि मागितल्याशिवाय बाबा देणार नाहीत, हे मला त्याच रात्री समजलं आणि मी पांघरुणात तोंड घालून रडले.

याच आठवड्यात डोंगरे गुरुजींनी माझ्या गळ्यात ते नाटक टाकलं. गुरुजी शाळेचे हेडमास्तर, आणि गावात जे काही सुधारायचं ते नाटकातून सुधारायचं असा त्यांचा बाणा. पेरण्या उरकल्या होत्या, तालुक्याचे बीडीओ साहेब गावात येणार होते, आणि विषय होता बिनधुराची चूल. बायकोला अशी चूल हवी असते, नवरा म्हणतो माझ्या मायनं धुरातच जन्म काढला, भांडण होतं, आणि शेवटी नवरा ऐकतो. भाषणं गुरुजींनी धडाधड लिहून काढली. अडचण निराळीच होती. मागच्या वर्षी बाईचं काम पोस्टातल्या पंढरीनं केलं होतं आणि त्याच्या दंडावरची बेटकुळी पाहून बायका पदरात तोंड घालून हसत बसल्या होत्या. या वेळी गुरुजींना खरी बाई हवी होती. गावात बिनधुराची चूल एकीच्याच घरी होती, दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या बायकोच्या, सुमनवहिनीच्या. ती तयार झाली, कंपाउंडर तयार झाला, पण सुमनवहिनीच्या सासूबाई गोदाकाकू पाय रोवून उभ्या राहिल्या. दोन दिवस गुरुजींनी त्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा त्या एका अटीवर मानल्या.

"उभी राहू द्या तिले इष्टेजवर," गोदाकाकू म्हणाल्या. "पण परक्या माणसासंगं एक शब्द बोलू देणार नाही मी. मी पुढंच बसणार हाये."

नवऱ्याचं काम ग्रामसेवक भास्करराव करणार होते, म्हणजे परका माणूस ठरलेलाच. गुरुजींनी डोकं लढवलं. भांडण पडद्याआड करायचं. बायकोचा आवाज मी आतून काढायचा. पडदा उघडल्यावर भांडण होऊन गेलेलं असेल आणि नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसतील. "म्हणजे अट पाळली जाते," गुरुजी खुशीत म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की न बोलणारी माणसं त्यांना लिहिता येत नाहीत. त्यांनी कोरे ताव माझ्यापुढे सरकवले. "तू लिही, कमल. तुहं अक्षर चांगलं हाये."

अक्षराचा आणि त्याचा काय संबंध ते मी विचारलं नाही. मी घरी आले आणि एका बैठकीत तो प्रवेश लिहून काढला. अजून पाठ आहे. 'पत्नी अत्यंत दुःखी मुद्रेने बसली आहे. पती संतप्त नजरेने तिच्याकडे पाहतो. तिचे हृदय पिळवटून निघते. तो पश्चात्तापाने दग्ध होतो.' मला स्वतःला वाचताना हुंदका आला. गुरुजींनी वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि विचारलं, "हृदय पिळवटून निघालं, हे मागच्या रांगेतल्या म्हातारीले कसं दिसीन?"

"चेहऱ्यावर दिसीन, गुरुजी."

"भास्कररावचा चेहरा पाह्यला का तू?" गुरुजी म्हणाले. भास्कररावांच्या चेहऱ्यावर एकच भाव असे, ग्रामपंचायतीची सभा सुरू होण्याआधीचा. "दुःख, संताप, पश्चात्ताप, सारे शब्द काढ. हात काय करून राह्यले ते लिही."

मी हात लिहिले. दुसऱ्या खर्ड्यात बायको चुलीकडे बोट दाखवते, डोळे चोळते, खोकते, नवरा हात झटकतो, ती कपाळाला हात लावते, तो पाय आपटतो. तालीम सुरू झाली तर भास्कररावांना इतका आनंद झाला की त्यांनी पाय आपटून शाळेची एक फरशी हलवली. गुरुजींनी मान हलवली. "हे तं मुके झाले, कमल. यायले बोलता येत नाही असं नाही. यायले बोलायचं नाही. बोलायचं नसलेलं माणूस खुणा कायले करीन? खूण करणं म्हणजे बोलणंच." मग ते म्हणाले, "चुकते कुठं ते मले दिसते. बरोबर कसं करावं ते नाही दिसत. तू पाह्य."

मी कुठे पाहणार? तांदूळ निवडायचं सूप घेऊन मी घरात मध्ये बसले. डावीकडे चूल, उजवीकडे ओटा. माय डावीकडे, बाबा उजवीकडे, आणि सुपाखाली माझी गणिताची जुनी वही. आईबापाच्या दुःखाची टिपणं काढताना मला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटली. पण खरं सांगायचं तर, फारमची काळजी करत नुसतं बसण्यापेक्षा ते बरं होतं.

पहिली गोष्ट मला दिसली ती अशी की अबोल्यात मायचं काम बिघडलं नव्हतं, सुधारलं होतं. एरवी बाबा आंघोळीला बसून दोन हाका मारत, तेव्हा टॉवेल यायचा. आता पाणी आधीच काढलेलं, तांब्या उजव्या हाताला, टॉवेलची चौपदरी घडी. इतकी टोकाला टोक जुळवलेली की ती मोडायला बाबांना धीर होत नसे. पहिल्या दिवशी आदळआपट झाली होती, पण चौथ्या दिवशी माय भांडं ठेवायची ते आवाजच होऊ द्यायची नाही. त्या आवाज न होण्यानं बाबा दचकत. दुसरी गोष्ट, दोघंही एकमेकांकडे पाहत होती, पण एका वेळी कधीच नाही. माय पाठमोरी झाली की बाबा पाहत. बाबा पागोटं गुंडाळायला खाली वाकले की माय पाही. दोघांचं पाहणं फक्त मधे बसलेल्याला दिसत होतं. मी वहीत लिहिलं, 'प्रेक्षक मधे बसतो.' आणि तिसरी गोष्ट भाकरीची.

आमच्याकडे बाबा जेवायला बसले की माय एक भाकर वाढायची आणि दुसरी तव्यावर टाकायची. बाबांची पहिली अर्धी संपायच्या आत दुसरी चुलीतून निघून, राख झटकून, फुगलेली तशी त्यांच्या ताटात पडायची. कुणी मागायचं नाही, कुणी वाढू का विचारायचं नाही. इतकी वर्षं मी ते पाहत होते आणि ते काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आता मायनं आधी तिन्ही भाकरी करून घेतल्या, एकावर एक ठेवून ताटात वाढल्या, आणि ती उठून गेली. वाढण्यात काही कमी नव्हतं. भाजी होती, ठेचा होता, कांदा फोडलेला होता. पण तिसऱ्या भाकरीपर्यंत पोचेस्तोवर ती गार आणि चिवट झालेली. बाबा ती मुकाट्यानं चावत बसले. तक्रार काय करणार? तिन्ही भाकरी तर वाढल्या होत्या.

तेव्हा मला उमगलं की गुरुजींना काय दिसत होतं आणि मला काय दिसत नव्हतं. राग दाखवायचा तर आधी रोजचं दाखवायला हवं. रोजची गरम भाकर पाहिलेली असेल तरच एकदम वाढलेल्या तीन भाकरी बोलतात. मी गुरुजींच्या पहिल्या प्रवेशात, जिथे सगळं गोडीगुलाबीचं होतं, तिथे भास्कररावांना जेवायला बसवलं आणि सुमनवहिनीच्या हातानं दुसरी भाकर गरम पडेल असं केलं. एकही शब्द न वाढवता. गुरुजी म्हणाले, "इथं कायले जेवण?" मी म्हटलं, "पुढं लागते."

आजकाल माझा मुलगा आणि सून भांडले की दोघं आपापले मोबाईल टेबलावर पालथे घालून ठेवतात. एरवी ते उताणे असतात. मी चहा घेता घेता पाहते आणि मनात म्हणते, वा, चांगलं लिहिलंय.

या सगळ्यात फारम घरभर फिरत होता. तो मायनं फिरवायला सुरुवात केली. सकाळी तो बाबांच्या पागोट्यावर ठेवलेला असे. बाबा तो अलगद उचलत, घडी घालत, देवळीत ठेवत आणि पागोटं घालून मळ्यात जात. दुसऱ्या दिवशी तो दाढीच्या आरशावर टेकवलेला. तिसऱ्या दिवशी तंबाखूच्या डबीखाली. बाबा दर वेळी तितक्याच जपून तो देवळीत परत ठेवत. फाडला नाही, फेकला नाही, सहीही केली नाही. एका कोपऱ्यावर तेलाचा डाग पडला तो मायनं पिठानं टिपून घेतला. सहाव्या दिवशी सकाळी फारम कुठेच नव्हता. पागोट्यावर नाही, डबीखाली नाही, देवळीतही नाही. माय पाठमोरी होऊन शोधत होती, म्हणजे झाडत होती, पण ज्या जागा कधी झाडत नाही त्या झाडत होती. बाबा मळ्यात निघून गेल्यावर मी चुलीतली राख चाळून पाहिली. कागदाची राख काळी आणि पापुद्र्याची असते. तसं काही सापडलं नाही, पण त्यानं माझा जीव भांड्यात पडला असं म्हणवत नाही. शनिवार तीन दिवसांवर होता.

प्रवेशाला मात्र शेवट नव्हता. नवरा जेवतो, बायको तीन भाकरी वाढून बसते, पुढे काय? आमच्या घरी पुढे काही झालंच नव्हतं, तर मी लिहू कशावरून? गुरुजी म्हणत, "सुरुवातीले हे दोघं जिथं असतात, तिथंच शेवटी राह्यले तं पडदा कायले उघडला?" मी म्हटलं, तो माफी मागीन. गुरुजी म्हणाले, "कशी? बोलायचं तं नाही. अन् पायावर डोकं ठेवलं तं बीडीओ साहेब हसतीन." माघार तर घ्यायची, पण घेतली असं दिसता कामा नये, असं काहीतरी हवं होतं. विचारलं तर नाही म्हणता यावं, असं.

ते मला माझ्याच धांदरटपणातून सापडलं. फारम हरवायच्या दोन दिवस आधी माय शेतात निंदायला गेली आणि स्वयंपाक मी केला. बाबांनी वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि सहज म्हणाले, "मीठ इसरली व बई." मी बरणी पुढे केली, त्यांनी चिमूट टाकली, झालं. आणि हात धुताना माझ्या मनात आलं, हीच भाजी आज मायनं केली असती तर? बाबांनी मीठ मागितलं असतं का? मेले असते तरी नाही. मागणं म्हणजे बोलणं, आणि बरणी घ्यायला उठणं म्हणजे तिच्या अंगावरून जाणं. ते अळणी भाजी संपवून उठले असते. आणि मग माय जेवायला बसली असती. आमच्याकडे तेव्हा नवऱ्याच्या मागून त्याच ताटात बायको जेवायची. तिनं पहिला घास घेतला असता, आणि तिला कळलं असतं.

मी पळत जाऊन लिहायला बसले. दोन दिवसांत सात वेळा लिहिलं, घरातली दौत कोरडी होत आली. मीठ नाही हे प्रेक्षकांना कसं कळणार, ही मुख्य गाठ होती. चव दिसत नाही. म्हणून पहिल्या प्रवेशात मिठाची बरणी ठेवली. तिथे भास्करराव न पाहता हात पुढे करतात आणि सुमनवहिनीनं बरणी आधीच सरकवलेली असते. दुसऱ्या प्रवेशात बरणी चुलीमागे, सुमनवहिनीच्या पलीकडे. तो घास घेतो. थांबतो. बरणीकडे पाहतो. हात सवयीनं पुढे येतो, अर्ध्यावर थांबतो, आणि तोच हात मागे जाऊन पुढचा घास करतो. बस, एवढंच. मग तो सगळं संपवून हात धुऊन बाहेर जातो. ती ताटाशी बसते, घास घेते, तिचा हात बरणीकडे जातो, आणि तिथेच राहतो. ती दाराकडे पाहते. उठून ती त्याचं कोपऱ्यात पडलेलं पागोटं खुंटीला नीट लावून ठेवते, आणि नव्यानं एक भाकर थापायला बसते. मी वहीत एकही 'दुःखानं' लिहिलं नाही. गुरुजींनी वाचलं, वही मिटली आणि म्हणाले, "तुह्या घरी सारं ठीक हाये ना?"

"हाव," मी म्हटलं.

तालमीत भास्कररावांनी मला छळलं. ते घास घेऊन इतका लांब उसासा सोडत की दिवा विझावा. कपाळावर मूठ मारत. "काहीच करू नाही तं मग मी काय करू?" ते म्हणत. त्यांना मी शंभरदा सांगितलं की रागावलेला माणूस राग दाखवत नाही, लपवतो, आणि लपवताना जेवतो. त्यांना पटेना. रिकाम्या ताटातून घास घ्यायचा तर माणूस खोटंच करणार. म्हणून नाटकाच्या दिवशी मी खरी भाजी केली, खऱ्या भाकरी केल्या, आणि भाजीत मीठ घातलं नाही. भास्कररावांना सांगितलं नाही. सुमनवहिनीला तेवढं सांगितलं. तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि हसू दाबलं.

नाटक गुरुवारी दुपारी चारला होतं, म्हणजे बायकांना दिवे लागायच्या आत घरी जाता यावं. शाळेचा हॉल भरला. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधे खुर्चीवर बीडीओ साहेब. पहिल्या रांगेत गोदाकाकू हातातली काठी आडवी धरून बसलेल्या. पहिला प्रवेश झाला, पडदा पडला, आणि मी आतून भांडणाची वाक्यं म्हटली. माझा आवाज कापत होता, त्यामुळे ती बरी झाली. मग पडदा उघडला, आणि सुमनवहिनीनं तीन भाकरी एकावर एक ठेवून ताट पुढे केलं.

बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. बोलण्याचा नव्हे. पन्नास-साठ बायकांनी एकदम श्वास आत घेतल्याचा. भास्कररावांनी मोठा उसासा टाकायची तयारी करून घास तोंडात घातला आणि उसासा राहूनच गेला. त्यांचा जबडा थांबला. त्यांनी ताटाकडे पाहिलं, सुमनवहिनीच्या पाठीकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. बोलावं तर गोदाकाकूंची काठी, उठावं तर मी लिहिलेलं नाही. हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. जन्मात त्यांनी इतकं खरं काही केलं नसेल. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून गोदाकाकू कळवळून म्हणाल्या, "अवं सुमन, मीठ दे ना त्याले."

हॉल असा हसला की कौलावरची चिमणी उडाली. बीडीओ साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. सुमनवहिनी हलली नाही. तिला तिच्या सासूनंच गप्प राहायला सांगितलं होतं आणि ती सासूचं ऐकत होती. भास्कररावांनी तिन्ही भाकरी अळणी भाजीशी खाल्ल्या. तिसरीच्या वेळी कुणी हसत नव्हतं. सुमनवहिनी ताटाशी बसली, तिनं घास घेतला, तिचा हात बरणीकडे गेला आणि तिथेच राहिला, तेव्हा माझ्या शेजारी उभे असलेले गुरुजी चष्मा पुसत होते.

मी मात्र फटीतून माझी माणसं शोधली. माय बायकांत बसली होती आणि रंगमंचाकडे पाहतच नव्हती. ती मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे पाहत होती. बाबा पुरुषांत मागे खांबाला टेकून उभे होते, आणि मिशी चोळत होते. मिशी ते फक्त अडचणीत असताना चोळत. घरातली गोष्ट मी गावापुढे मांडली होती. फारम तर गेलाच होता, आता मार खायचा बाकी होता.

घरी येताना माय पुढे, बाबा दहा पावलं मागे, आणि मी मधे. प्रेक्षक मधे असतो, हे तेव्हा माझ्या मनात आलं आणि नको तिथे हसू आलं. मायनं आल्या आल्या चूल पेटवली. बाहेर अजून उजेड होता. तिनं वांगी चिरली, भाकरी थापल्या, तीन झाल्यावर एकावर एक ठेवल्या आणि ताट बाबांपुढे केलं. नाटक पाहूनसुद्धा तेच. चौथ्या भाकरीचं पीठ मात्र परातीत मळलेलं होतं आणि तवा चुलीवरून उतरवलेला नव्हता. हे मी पाहिलं. बाबांनी पाहिलं की नाही ते सांगता येत नाही.

बाबांनी घास घेतला. जबडा थांबला. त्यांनी बरणीकडे पाहिलं. बरणी मायच्या पलीकडे होती. माझ्या हातातला पेला तसाच राहिला. आता बाबा हसतील, किंवा ताट लोटून उठतील, काहीही होऊ शकत होतं. बाबांनी पुढचा घास केला. मग त्याच्या पुढचा. एक भाकर संपली, दुसरी अर्धी झाली. तेव्हा त्यांनी डावा हात बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि घडी घातलेला कागद काढला. तेलाच्या डागासकट माझा फारम. दोन दिवस तो त्यांच्या छातीशी फिरत होता. घामानं घडीच्या रेघा पिवळ्या पडल्या होत्या. त्यांनी तो ताटाशेजारी उलगडला. पालकाच्या सहीची ओळ कोरीच होती. त्यांनी मला बोटानं दौतीची खूण केली. मी दौत आणि टाक आणला. दौतीत तळाला चार थेंब शाई होती, बाकीची माझ्या सात खर्ड्यांनी प्यायली होती.

मला वाटलं, सही करतील. बाबांनी टाक बुडवला आणि सहीच्या ओळीवर काही लिहिलं नाही. ओळीच्या खाली, खरडत, शाई पुरवत, आपल्या चौथीच्या अक्षरात लिहिलं, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा, मुलीची आई.' त्याखाली 'समक्ष' लिहून आपली सही केली. शाई संपली. मग त्यांनी फारम एका बोटानं सरकवत सरकवत चुलीपर्यंत नेला आणि मायच्या गुडघ्यापाशी थांबवला. बोट कोऱ्या ओळीवर ठेवलं. आणि हात मागे घेऊन जेवायला लागले.

मायला अक्षर वाचता येत नव्हतं. ओळ कोरी आहे आणि बाबांची सही खाली आहे, हे तिला कळलं. किती वेळ ती त्या कागदाकडे पाहत राहिली कोण जाणे. तव्यावर काही नव्हतं तरी तवा तापत होता. मग तिनं शेजारच्या गार पातेल्याच्या बुडावर डावा अंगठा घासला, काजळीनं काळा केला, पदरानं कागद पुसला, आणि अंगठा टेकवला. उचलताना तिनं श्वास धरला होता. ठसा नीट उमटला, एक एक रेघ दिसत होती. फारम तिनं माझ्या हातात दिला. मला रडू आलं ते मी दाबलं नाही, पण आवाजही केला नाही. त्या घरात त्या वेळी आवाज करायची छाती नव्हती.

मायनं पिठाचा गोळा घेतला, भाकर थापली, तव्यावर टाकली, चुलीत फुगवली. बाबांच्या ताटातली तिसरी, गार, उचलून तिनं आपल्या बाजूला ठेवली आणि गरम भाकर राख झटकून ताटात टाकली. तिच्या कडेला काळ्या अंगठ्याचा डाग होता. बाबांनी तो पाहिला. भाकर फिरवून त्यांनी पहिला तुकडा तिथलाच मोडला.

शनिवारी फारम टपालात पडला. खामगावच्या कॉलेजातल्या कारकुनानं तो उजेडात धरला आणि मला विचारलं, "वडील आहेत ना? त्यांना सही येते. मग पालकाच्या जागी आईचा अंगठा कसा?" मी म्हटलं, आमच्या घरी शिकण्यातलं तिलाच समजतं. त्यानं माझ्याकडे विचित्र पाहिलं आणि शिक्का मारला.

त्या संध्याकाळी भाजीत मीठ माय विसरली होती, की मुद्दाम घातलं नव्हतं, हे मला आजतागायत माहीत नाही. बाबांना मी विचारलं होतं, कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत. ते म्हणाले, "होतं की मीठ." मायला विचारलं ते फार वर्षांनी, बाबा गेल्यानंतर. मी तोवर बी.ए. होऊन मास्तरीण झाले होते, आठवी-नववीच्या मुलांना निबंध शिकवत होते. ती शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"मीठ होतं," माय म्हणाली. "इतकी शिकली, पण तुले काय समजते त्यातलं."